पाचशे एकचा आहेर

आण्णा माझ्या ऑफिसात आले ते पिशवी छातीशी धरून. माणूस पिशवी कशी धरतो यावरून आत काय आहे ते मला कळतं. हातात लोंबत असली तर गेल्या वर्षीची बिलं. काखेत असली तर नोटीस. छातीशी म्हणजे घराचे कागद. एकवीस वर्षं मी लक्ष्मीपुरीत लोकांची इन्कम टॅक्सची विवरणपत्रं भरतोय. लोक मला उत्पन्न सोडून बाकी सगळं खरं सांगतात.

"यज्ञेश्वरा, घरावर टाच आली बघ," आण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली, सोडली नाही.

आण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. वय सहासष्ट. कळंब्याला तळ्याच्या अलीकडं त्यांचं दोन मजली घर, दोन हजार नऊ साली प्रॉव्हिडंट फंड आणि कर्ज काढून बांधलेलं. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी त्यांनी मला पेढे दिले होते. इतका सरळ माणूस. आणि तेच त्यांचं दुखणं झालं. त्यांचा पुतण्या राजवीर यानं दोन हजार सोळात गुंतवणुकीची कंपनी काढली. महिन्याला शेकडा पाच परतावा. त्याला दाखवायला एक सरळ चेहरा हवा होता, तो घरातच होता. आण्णा डायरेक्टर झाले. महिना पंचवीस हजार पगार, अडीच वर्षं. सह्या कुठं कुठं केल्या हे त्यांना अजून आठवत नाही.

कंपनी बुडाली. ठेवीदारांनी पोलिसात फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, त्यावरून ईडी आली. राजवीर मुंबईत तुरुंगात. आण्णांना अटक झाली नाही, पण खटल्यात ते आरोपी नंबर चार. आणि आता हा हुकूम: कळंब्याचं घर, बावीस लाख दहा हजार रुपयांपुरतं, तात्पुरत्या टाचेखाली. राहता येईल, पण विकता, गहाण टाकता, लेकीच्या नावावर करता येणार नाही. सोबत दिल्लीच्या न्यायनिर्णय प्राधिकरणाची नोटीस. तीस दिवसांत उत्पन्नाचे स्रोत सांगा, पुरावे द्या, आणि टाच कायम का करू नये त्याचं कारण दाखवा.

मी आकडा फोडला. साडेसात लाख पगार. राहिले चौदा लाख साठ हजार.

"हे काय?"

"ते अवनीच्या लग्नातलं." आण्णांनी खिडकीकडं बघितलं. "आहेर."

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत आण्णांच्या लेकीचं, अवनीचं, लग्न झालं होतं. मी जेवून आलो होतो. लग्नानंतर चार दिवसांत आण्णांच्या बँक खात्यात चौदा लाख साठ हजार रोख भरले गेले आणि पुढच्या चार महिन्यांत सराफ, मंडप, हॉल, आचारी यांना चेकनं गेले. आता खात्यात सोळाशे रुपये होते. पैसा संपलेला, म्हणून त्या किमतीचं घर धरलं.

"ईडीच्या साहेबाला काय सांगितलंत?"

"हेच की. आहेर म्हणून. तर त्यानं लग्नाची पत्रिका काढली फाइलीतनं. झडतीत नेलती. बोट ठेवलं आणि म्हणाला, काका, हे वाचा."

मला ती पत्रिका आठवली. सोनेरी कडा, आणि खाली ठळक अक्षरात: 'कृपया आहेर आणू नयेत. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'

आता ही कोल्हापूरची गंमत. ही ओळ आमच्याकडं अर्ध्या पत्रिकांवर असते आणि तरी निम्मे लोक पाकीट आणतात. छापणाऱ्याला मोठेपणा मिळतो, देणाऱ्याला रांग लावावी लागत नाही, आणि मांडवाच्या कोपऱ्यात घरातलीच एक बाई मांडीवर वही घेऊन नावं लिहीत असते. न लिहून कसं चालेल? ज्यानं पाचशे एक दिले त्याच्या घरच्या लग्नात पाचशे एक तरी परत जायला हवेत. कमी गेले तर गावभर होतं. दिल्लीच्या माणसाला हे कसं सांगायचं?

आण्णांनी मग पिशवीतून ती वही काढली. लाल पुठ्ठा, आण्णांच्या बायकोचं, लीलाकाकूंचं, अक्षर. पाचशे बेचाळीस नावं, पुढं गाव, पुढं रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात ज्यांचा आहेर परत केला त्यांच्यासमोर बरोबरची खूण. बेरीज चौदा लाख अठ्ठावन्न हजार तीनशे. झडतीच्या वेळी वही अवनीच्या सासरी, तिच्या ट्रंकेत होती, म्हणून वाचली.

बेरीज इतकी नेटकी जुळलेली बघून मला खरं तर तिथंच खटकायला हवं होतं. पण चहा आला.

*

वकीलबाई प्रियदर्शनी यांचं ऑफिस ताराबाई पार्कात. त्या बोलतात कमी आणि लिहितात जास्त. वकिलात हा गुण दुर्मीळ. त्यांनी आण्णांना समोर बसवून समजावलं.

"आधी तीन गोष्टी ईडीनं दाखवायच्या. मूळ गुन्हा घडला, त्यातून पैसा आला, आणि त्या पैशाशी तुमचा संबंध आला. ठेवीदारांचे जबाब आहेत, बँकेच्या नोंदी आहेत, कंपनीच्या दोन एजंटांनी तुम्हाला रोख दिली असं लिहून दिलंय. तिथपर्यंत ते पोचले. आता कायदा हा पैसा गुन्ह्यातला धरूनच चालणार. तो तसा नाही, हे तुमच्यावर."

"म्हणजे मी चोर न्हाय हे मीच सांगायचं?"

"सांगायचं नाही आण्णा, दाखवायचं."

"आणि घर तर नऊ सालचं. कंपनी सोळा सालची. सोळाचं पाप नऊच्या भिंतीला चिकटतंय कसं?"

"मूळ पैसा हाती लागला नाही, तर तेवढ्या किमतीची तुमची दुसरी मालमत्ता धरता येते, असं ते म्हणतात. मी त्यावर भांडणार आहे. पण पहिल्या पायरीवर फार आशा ठेवू नका."

"आणि सुनावणी हितं हायकोर्टाच्या सर्किट बेंचला का न्हाय? चाळीस वरसं आंदोलन केलं की आम्ही. मी स्वतः बसलोय उपोषणाला."

"हायकोर्टात जायची वेळ आली तर बघू. आत्ता दिल्ली. मोबाइलवर दिसेल तुम्हाला."

वही त्यांनी उलटून पालटून बघितली. "ही तुमच्याच घरात लिहिलेली. तुमच्याच बाजूची. एकटीला किंमत नाही. देणारे लोक प्रतिज्ञापत्र करतील?"

देणाऱ्यांतल्या निम्म्यांचे पैसे राजवीरकडं बुडालेले. उरलेल्यांना कागदावर सही म्हणजे ईडीचं बोलावणं वाटत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली, आणि त्या वेळी मला तिचा अभिमानही वाटला. आहेराची वही एकतर्फी नसते. आण्णांनी ज्यांना ज्यांना आहेर परत केला, त्यांच्याही घरी वही आहे, तिच्यात आण्णांचं नाव आहे. परत केलेला आकडा मिळालेल्या आकड्याएवढा किंवा थोडा जास्त असणार. कमी कधीच नाही. म्हणजे पाचशे घरांत न सांगता ठेवलेला दुहेरी हिशेब. आमच्या धंद्यात असा पुरावा पैसे देऊन मिळत नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "वह्यांच्या झेरॉक्स आणा. आणि जमतील तेवढी प्रतिज्ञापत्रं."

*

आण्णांनी घरांची यादी करून दिली आणि मी दोन रविवार स्कूटरवर घालवले. बिद्रीला कारखान्यात काम करणारे त्यांचे साडू सम्राट यांनी वही शोधायला अर्धा तास घेतला आणि झेरॉक्स काढायला नेताना अर्धा डझन वेळा विचारलं, "यात आमचं नाव कुठं येणार न्हाय न्हवं?" नाव येणारच होतं, वही त्यांचीच होती. मी म्हटलं, "तुमचं फक्त अक्षर येईल." सही मागितल्यावर त्यांना शेतात पाणी बघायला जायचं आठवलं.

नऊ घरं झाली. नऊच्या नऊ आकडे आण्णांच्या वहीशी जुळले. झेरॉक्स नऊ, प्रतिज्ञापत्र शून्य.

दहावं घर यादीत नव्हतं. गडमुडशिंगीच्या अंबूबाई, आण्णांच्या भावकीतल्या, नात्यानं वहिनी. आण्णांच्या वहीत त्यांच्यासमोर पाच हजार एक आणि परतीची खूण होती. त्यांचे एक लाख ऐंशी हजार राजवीरच्या कंपनीत गेले होते. आण्णा म्हणाले होते, "बुडालेल्यांच्या दारात नगं. शिव्या घालत्यात." पण मी विचार केला, ज्याचे पैसे बुडाले तोच जर आण्णांच्या बाजूनं बोलला, तर त्याच्या शब्दाला नऊ साडूंपेक्षा जास्त वजन.

अंबूबाई गोठ्यापुढं धार काढून उठत होत्या. मी कोण, कशाला आलोय, सगळं सांगितलं.

"आण्णानं धाडलंय व्हय तुमास्नी?"

"नाही. त्यांनी नको म्हटलं होतं."

"मग बसा पावणं." त्यांनी दुधाची किटली आत ठेवली आणि वही घेऊन आल्या. केरबाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नातली. दोन हजार एकवीसची. चष्मा लावून बोट फिरवत त्यांनी पान काढलं. "ह्यो बघा. आण्णा, कळंबा. पाचशे एक."

मी म्हटलं, "पाच हजार एक."

"पाचशे एक. मला वाचता येतंय."

"पण तुम्ही अवनीच्या लग्नात पाच हजार एक दिले होते ना?"

अंबूबाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग मोठ्यानं हसल्या. "पाच हजार? आवो, पाच हजार देऊन पाचशे परत आलं असतं, तर त्या मांडवातच मी आण्णाची अब्रू काढली असती की! पाचशे एक दिलतं. तेवढंच परत आलं. फिटलं."

मी पिशवीतून आण्णांच्या वहीची झेरॉक्स काढली. अंबूबाई, गडमुडशिंगी, ५००१. झेरॉक्समध्ये शाई एकच दिसते. तरी आता बघितल्यावर दिसलं: पाचानंतरची दोन शून्यं एकमेकांना खेटून उभी होती, एसटीत एकाच सीटवर बसलेल्या दोघांसारखी आखडून. वरच्या नावासमोरही तसंच. खालच्याही. मी पान उलटलं. १०१ चे १००१, २५१ चे २५०१. जवळच्या नात्यातली नावं तेवढी जशीच्या तशी सोडलेली. आण्णांनी दिलेल्या यादीतली.

"काय झालं?" अंबूबाईंनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

"पानी देऊ?"

*

कळंब्याच्या घरी आण्णा व्हरांड्यात बसले होते. घराच्या दर्शनी भिंतीवर हुकूम चिकटवलेला, त्याच्या दोन कोपऱ्यांचा डिंक सुटला होता. मी मूळ वही मागितली, उन्हात धरली. लीलाकाकूंची निळी शाई आणि शून्यांची निळी शाई यात सहा वर्षांचा फरक होता.

"आण्णा, किती ठिकाणी?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाले, "चारशेभर. चार दिवस लागलं."

"खरा आहेर किती होता?"

"दोन लाख एकाहत्तर," आतून लीलाकाकू म्हणाल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी त्याच दिवशी बेरीज केलती. हे म्हणालं, वही आन अवनीकडनं. मी आणली. मला वाटलं, दाखवायला हवी असेल."

"बाकीचे?"

"राजवीरनं दिलं," आण्णा म्हणाले. "दोन पोरं येऊन देऊन गेली. म्हणाला, काका, अवनी माझी बी बहीण हाय, थाटात करूया. मला काय ठाऊक ते लोकांचं..." हेडक्लार्क होते; रोख कुठून येते हे त्यांना तीस वर्षं कळत होतं.

"खरं दोन लाख तर होतं न्हवं?" ते म्हणाले. "तेवढं तरी सुटंल?"

वकीलबाईंकडं गेलो तेव्हा त्यांनी वही हातात घेतली, दोन पानं बघितली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवली.

"ही मी दाखल करणार नाही. प्राधिकरणापुढची कार्यवाही न्यायालयासारखीच धरली जाते. खोटा पुरावा दिला तर वेगळा गुन्हा. एका हस्ताक्षरतज्ज्ञाचं काम आहे, दहा मिनिटांचं."

"मग शून्यं खोडून देतो," आण्णा म्हणाले.

त्या क्षणभर हसल्या असत्या, पण दमल्या होत्या. "आण्णा, त्या वहीत खरं काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही. लीलाकाकूसुद्धा नाही, त्या तुमच्या पत्नी. तुमच्या दोन लाख एकाहत्तर हजारांचा एकच साक्षीदार होता आणि तो तुम्ही चार दिवस बसून फोडला."

"मग सगळं खरं लिहून देऊ? राजवीरनं दिलं म्हणून?"

"ते तुमच्याच विरुद्ध तिकडं विशेष कोर्टात वाचलं जाईल. शिक्षा तीन ते सात वर्षं. त्याबद्दल गप्प राहायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र इथं गप्प राहिलं की गृहीतक तसंच उभं राहतं, आणि टाच कायम होते." त्यांनी कपाळ चोळलं. "खोटं एकही वाक्य घालणार नाही. घर आधीचं आहे, हे मांडते. आहेराची प्रथा मांडते. नऊ झेरॉक्स जोडते. शपथेवर कुणी आहे?"

कुणीच नव्हतं. नऊ घरांपैकी सहा जणांनी माझे फोन उचलणं बंद केलं होतं.

*

अंबूबाई माझ्या ऑफिसात आपण होऊन आल्या. बाजाराच्या दिवशी, डोक्यावरून पदर, हातात वही. गावात गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. लीलाकाकू त्यांच्याकडं जाऊन रडून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"त्या कागदावर सही करायची असती म्हणं."

"अंबूबाई, आधी ऐका. उद्या तिकडून बोलावणं येऊ शकतं. आणि आण्णा हरले आणि खटल्यात शिक्षा झाली, तर हे घर सरकारजमा होईल. त्यातून ठेवीदारांना पैसे परत द्यायची तरतूद आहे. तुमचेही एक लाख ऐंशी हजार आहेत. तुम्ही तुमच्याच विरुद्ध सही करताय."

त्यांनी थोडा विचार केला. "किती वरसांनी मिळतील?"

"सांगता येत नाही."

"मग सांगू नगा." त्यांनी वही उघडली. "आण्णानं माझं लाख बुडवलं, ते मी कोर्टात सांगणार हाय. पोलिसात सांगितलंय, परत बी सांगीन. पर पाचशे एक मी दिलं ते दिलं. घेतलेलं बुडवलं म्हणून दिलेलं न्हाय दिलं म्हणू व्हय?"

प्रतिज्ञापत्र झालं. अंबूबाईंनी ठळक, मोठ्या अक्षरात सही केली आणि नोटरीच्या शाईवर फुंकर मारली.

*

सुनावणी मोबाइलवर झाली. वकीलबाईंच्या केबिनमध्ये आण्णा, लीलाकाकू, वकीलबाई आणि मी असे चौघं एका पडद्याकडं बघत होतो. दिल्लीहून कुणीतरी विचारलं, "पत्रिकेवर तर आहेर आणू नये असं आहे?" वकीलबाईंनी इंग्रजीत तीन मिनिटं ती प्रथा समजावली. पडद्यावरचा माणूस ऐकत होता की फाइल वाचत होता, कळलं नाही. ईडीच्या वकिलांनी एवढंच म्हटलं, की जबाबात आण्णांनी सगळे चौदा लाख साठ हजार आहेराचे सांगितले होते, आणि आता उत्तरात आकडाच नाही. आवाज दोनदा तुटला. मग संपलं.

हुकूम आला, तात्पुरत्या टाचेची एकशे ऐंशी दिवसांची मुदत भरायला अकरा दिवस उरले असताना. छप्पन पानं. मी पान एकेचाळीस तीनदा वाचलं. नऊ वह्यांच्या प्रती शपथेविना, शिवाय त्यातून प्रतिवादीनं पैसे दिल्याचं दिसतं, मिळाल्याचं नाही. सबब ग्राह्य नाहीत. मूळ वही हजर केलेली नाही, त्याचं कारणही दिलेलं नाही. श्रीमती अंबूबाई यांचं प्रतिज्ञापत्र मात्र विश्वासार्ह वाटतं, कारण त्या स्वतः तक्रारदार ठेवीदार आहेत. त्यामुळं पाचशे एक रुपयांचा स्रोत सिद्ध झाला. उर्वरित बावीस लाख नऊ हजार चारशे नव्व्याण्णव रुपयांपुरती टाच कायम.

अपिलाला पंचेचाळीस दिवस. त्याआधीच घराचा ताबा द्या म्हणून दहा दिवसांची नोटीस आली. वकीलबाईंनी अपिलीय न्यायाधिकरणातून ताब्यापुरती स्थगिती मिळवली. खटला संपेपर्यंत राहत्या घरातून बाहेर काढायला काहीतरी खास कारण लागतं, असं त्या म्हणाल्या. तर आण्णा तिथंच राहतात. घर त्यांचं आहे, त्यांना वापरता येतं, आणि ते त्यांना काही कामाचं नाही. गच्ची गळते, पण कर्ज काढून दुरुस्ती करावी तर तारण काय द्यायचं.

परवा अपिलाच्या कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. आण्णांनी प्रत्येक पान वाचूनच सही केली, आता ही सवय लागली आहे. टेबलावर एक पत्रिका होती. गडमुडशिंगीची, अंबूबाईंच्या पुतणीच्या लग्नाची. खाली ठळक अक्षरात आहेर आणू नयेत असं छापलेलं.

लीलाकाकू पाकीट भरत होत्या. पाचशे एक. मग त्यांनी पाकीट बंद न करताच थांबून मला विचारलं, "यज्ञेश्वर, हे चेकनं दिलं तर चालंल का?"

"चालेल की काकू. पण चेक कुणाच्या नावानं काढणार? नवरीच्या की तिच्या बापाच्या?"

त्यांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा सह्या करत होते.

"नवरीच्या," ते मान वर न करता म्हणाले. "आणि तिच्या बापाकडनं पावती घ्या."